मृत व्यक्तीचा ई-मेल, फोटो आणि वॉलेट वारसांनी कसे मिळवावेत: कामांचा योग्य क्रम

घरातला माणूस गेल्यावर बहुतेक घरांत कामे एका ठरावीक क्रमाने होतात. पहिल्या महिन्यात मोबाइल नंबर बंद केला जातो. फोन नातवाला द्यायचा म्हणून दुकानात नेऊन रीसेट केला जातो. मग बँकेचे खाते बंद होते. आणि सहा महिन्यांनी कोणाला तरी आठवते की गेल्या दहा वर्षांतले सगळे फोटो त्याच फोनच्या खात्यात होते, विम्याची पावती मेलवर यायची आणि वॉलेटमध्ये काही हजार रुपये पडून होते. तोवर ओटीपी येणारा नंबर गेलेला असतो, मेल उघडे असलेले यंत्र पुसलेले असते आणि पैसे परत यायचे ते खातेही उरलेले नसते.

हा क्रम नेमका उलटा आहे. नंबर सर्वांत शेवटी सोडायचा, बँक खाते त्याच्या आधी, वॉलेट त्याच्याही आधी. सुरुवात फोटो आणि मेलपासून करायची.

समजायला सोपे जावे म्हणून एक घर कल्पू. सांगलीचे अण्णा, वय ७१, वारले. मागे पत्नी, पुण्याची मुलगी आणि कॅनडात राहणारा मुलगा. मृत्युपत्र नाही. फोन अँड्रॉइड, त्याचा पॅटर्न कोणालाच माहीत नाही. घरच्या लॅपटॉपवर मात्र त्यांचे जीमेल अजून उघडे आहे. गूगल फोटोजमध्ये ६२ जीबी फोटो आहेत आणि त्यासाठी ते १०० जीबीची वर्गणी भरत. एका वॉलेटमध्ये ₹६,४०० आणि यूपीआय लाइटमध्ये ₹१,२०० आहेत. पुढचे सगळे टप्पे या घराला धरून सांगतो.

## टप्पा १: नंबर चालू ठेवा

अंत्यविधीच्या धावपळीतही एक काम लगेच करा. अण्णांच्या नंबरचा रिचार्ज कधी संपतो ते पाहा आणि तो वाढवा. पोस्टपेड असेल तर बिल भरा. गूगल, बँक आणि वॉलेट या तिघांचेही ओटीपी याच नंबरवर येतात. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि शिल्लक ₹२० पेक्षा कमी असली, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी नव्या ग्राहकाला दिला जातो. मग अण्णांच्या खात्यांचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या हातात पडू लागतात.

सिम आहे त्याच फोनमध्ये राहू द्या. दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी ओटीपी येतील, पण सिमला फोनच्या आत पिन लावलेला असेल तर ते तिथे अडकेल. फोन कुलूपबंद असून येणारे मेसेज वाचताच येत नसतील, तरच सिम हलवा.

रिचार्जनंतर नंबर एका वारसाच्या नावावर करून घ्या. मोबाइल कंपनीच्या दुकानात मृत्यू दाखला, नात्याचा पुरावा आणि नव्या मालकाचे आधार नेले की हे काम होते. बहुतेक घरांत नंबर पत्नीच्या नावावर केला जातो आणि तेच सोयीचे आहे. नवे सिम मिळाले तर ते सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक रोखण्यासाठी तशी सोय केलेली आहे. त्या दिवशी ओटीपी लागणारे कोणतेही काम ठरवू नका.

तपासा: नंबरवर एक साधा मेसेज पाठवा. तो फोनवर दिसला की पुढच्या टप्प्याकडे वळा.

## टप्पा २: फोन आणि लॅपटॉप जसेच्या तसे ठेवा

अण्णांचा लॅपटॉप आत्ता सर्वांत मोलाची वस्तू आहे, कारण त्यावर त्यांचे खाते उघडे आहे. त्याचा ब्राउझर साफ करू नका, विंडोज नव्याने टाकू नका आणि खात्यातून बाहेर पडू नका. चार्जर लावून ठेवा.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पासवर्ड बदलल्याने. ‘सुरक्षेसाठी’ म्हणून कोणीतरी पासवर्ड बदलायला जाते. त्याने बाकीच्या यंत्रांवरचे उघडे खाते बंद होते, नव्या प्रवेशासाठी गूगल फोनवर पुष्टी मागते आणि फोन कुलूपबंद असल्याने सगळेच थांबते. फोटो आणि मेल उतरवून होईपर्यंत पासवर्डला हात लावू नये.

फोनचे कुलूप उघडत नसेल तर अंदाजाने पॅटर्न मारत बसू नका. प्रत्येक चुकीनंतर थांबण्याची वेळ वाढत जाते. आयफोनवर एक विशिष्ट सेटिंग चालू असेल तर दहा चुकांनंतर फोनमधला सगळा मजकूर पुसला जातो. अण्णांची डायरी, कपाटाच्या दाराची आतली बाजू, विम्याची फाइल हे आधी पाहा. त्या पिढीची माणसे पिन कुठेतरी लिहून ठेवतात.

उलट, फोन आत्ता उघडा असेल किंवा घरातल्या कोणाच्या बोटाच्या ठशाने उघडत असेल पण पिन माहीत नसेल, तर तो बंद पडू देऊ नका. फोन एकदा बंद होऊन चालू झाला की ठसा किंवा चेहरा चालत नाही, पिनच लागतो.

सावधान: ‘कुलूप उघडून देतो’ म्हणणारे दुकान बहुतेक वेळा फोन रीसेट करून देते. त्याने फक्त फोनमध्येच असलेले फोटो कायमचे जातात. शिवाय रीसेटनंतर फोन आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. म्हणजे फोटोही गेले आणि फोनही वापरता येत नाही.

फोनमध्ये वेगळे मेमरी कार्ड असेल तर ते काढून कार्ड रीडरने लॅपटॉपला लावून पाहा. कार्डाला कुलूप लावलेले नसेल तर त्यावरचे फोटो सरळ दिसतात. पाच मिनिटांचे काम आहे आणि फार कमी लोक ते करून पाहतात.

## टप्पा ३: कागद एकदाच, पण नीट

पुढे गूगल, वॉलेट कंपनी आणि बँक तिघेही जवळपास तेच कागद मागतील. ते एकदा व्यवस्थित तयार केले तर नंतरचे हेलपाटे वाचतात.

मृत्यू दाखल्याच्या निदान पाच-सहा प्रमाणित प्रती घ्या. महाराष्ट्रातला दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत येतो. परदेशी कंपनीला तो तसाच चालतो, वेगळे भाषांतर लागत नाही. तुमच्याकडचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर नोटरी केलेले इंग्रजी भाषांतर जोडावे लागेल.

दाखला हातात पडताच नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधार, पॅन आणि बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहा. दाखल्यावर ‘Shripad Vishnu’, आधारवर ‘Shreepad V’ आणि जीमेलवर नुसते ‘Anna’ असा घोळ आपल्याकडे नेहमीचा आहे. मृत्यू दाखल्यात चूक असेल तर ती नोंद करणाऱ्या महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे दुरुस्त करून घ्या. बाकी ठिकाणच्या फरकांसाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र करा आणि त्यात ई-मेल पत्ता व मोबाइल नंबरही लिहा. तीनही ठिकाणी विचारला जाणारा ‘हे खाते त्यांचेच कशावरून’ हा प्रश्न त्याने सुटतो.

वारस कोण हे दाखवणारा कागद हा सर्वांत गैरसमजाचा भाग. तलाठ्याकडची वारस नोंद ही जमिनीच्या अभिलेखापुरती असते. ती घेऊन वॉलेट कंपनीकडे गेलात तर परत पाठवले जाल. महाराष्ट्रात वारसा प्रमाणपत्र दिवाणी न्यायालय देते, आणि त्याचा आधार अजूनही १८२७ चे मुंबई रेग्युलेशन ८ आहे. येणे रक्कम, ठेवी, शेअर यांसाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळते. ही दोन वेगळी प्रमाणपत्रे आहेत. गोव्यात वेगळा कायदा आहे. तिथे विशेष नोटरीपुढे उत्तराधिकाराचा दस्त करता येतो आणि वाद असेल तर इन्व्हेंटरीची, म्हणजे न्यायालयात मालमत्तेची यादी करून वाटणीची कारवाई होते.

पण ₹६,४०० च्या वॉलेटसाठी न्यायालयात जाऊ नका. लहान रकमांसाठी सर्व वारसांचे ना-हरकत पत्र आणि नुकसानभरपाईचा बाँड यांवर काम होऊ शकते, म्हणून आधी तेच देऊन पाहा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा दस्ताला ₹५०० चा मुद्रांक लागतो. घरातला जुना ₹१०० चा कागद वापरू नका.

अण्णांच्या घरी वारस तीन: पत्नी, मुलगी, मुलगा. अण्णांची आई हयात असती तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने तीही पहिल्या वर्गातली वारस ठरली असती. हे हमखास विसरले जाते आणि मग तिच्या सहीवाचून अर्ज अडतो. कॅनडातल्या मुलाने ना-हरकत पत्रावर भारतीय दूतावासात सही करावी किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे तिथल्या सरकारचे प्रमाणीकरण, घ्यावे. तो कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला इथला मुद्रांक लावावा लागतो.

तपासा: सर्व कागद एकाच फोल्डरमध्ये पीडीएफ करून ठेवा. ई-मेल पत्ता, नंबर आणि नाव प्रत्येक कागदावर एकसारखे आहे ना, ते एकदा मोठ्याने वाचून पाहा.

## टप्पा ४: फोटो

सगळ्यांत आधी फोटो, कारण गेले तर दुसरीकडून मिळत नाहीत. पैशाचा हक्क कागदावर टिकून राहतो, फोटोचा नाही.

अण्णांच्या घरात लॅपटॉप उघडा असल्याने मार्ग सोपा आहे. तरी आधी तिन्ही वारसांनी आपसात लेखी ठरवावे की कोण उतरवणार आणि प्रत कोणाकोणाला मिळणार. एक व्हॉट्सॲप मेसेज आणि त्यावर दोघांचे होकार एवढेही पुरते. नंतर ‘तू बाबांचे मेल का वाचलेस’ अशी कुरबूर झाली तर तो होकार उपयोगी पडतो. खाते उघडे आहे म्हणून त्यांच्या नावाने मेल पाठवणे मात्र टाळा. उद्देश प्रत घेण्यापुरताच ठेवा.

संपूर्ण प्रत काढण्यासाठी गूगलची टेकआउट ही सोय आहे. उघड्या लॅपटॉपवर पुढील पत्ता टाका:

```
takeout.google.com
```

तिथे आधी ‘Deselect all’ दाबा. मग खाली जाऊन फक्त ‘Google Photos’ आणि ‘Mail’ यांना खूण करा. ‘Next step’ वर गेल्यावर ‘Export once’, प्रकार ‘.zip’ आणि आकार १० जीबी निवडा. ५० जीबीची एकच मोठी फाइल घेऊ नका. घरच्या इंटरनेटवर ती मध्येच तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागते. ६२ जीबीच्या सात-आठ फाइल होतील. शेवटी ‘Create export’.

गूगलला फाइली तयार करायला काही तासांपासून काही दिवस लागतात. दुवा अण्णांच्याच जीमेलवर येतो आणि साधारण आठवडाभरच चालतो. तो रोज पाहत राहा. आणि ६२ जीबीपेक्षा दुप्पट तरी जागा असलेली बाह्य हार्ड डिस्क आधीच आणून ठेवा. दुवा आला आणि डिस्क नाही, असे झाले की आठवडा निघून जातो.

उतरवताना गूगल पासवर्ड पुन्हा मागू शकते. तो माहीत नसेल तर क्रोमच्या पासवर्डच्या यादीत तो साठवलेला असू शकतो. ती यादी पाहायला लॅपटॉपचा स्वतःचा पिन लागतो. तोही नसेल तर दुसरा रस्ता हळू आहे, पण चालतो. `photos.google.com` उघडा, एका वर्षाचे फोटो निवडा आणि ‘Download’ करा. एका वेळी ५०० पर्यंतचेच घ्या. दहा वर्षांच्या फोटोंना दोन-तीन संध्याकाळी लागतील. वर्षवार फोल्डर करत गेलात तर काय राहिले ते लगेच कळते.

सावधान: अनेक जण सामायिक अल्बम करून तो मुलीच्या खात्याला दाखवतात आणि काम झाले असे समजतात. तिला फोटो दिसतात, पण ते अजून अण्णांच्याच खात्यात असतात. तिने प्रत्येक फोटो स्वतःच्या खात्यात साठवला नाही आणि पुढे मूळ खाते बंद झाले, तर तो अल्बम रिकामा होतो.

झिप उघडल्यावर प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची `.json` फाइल दिसेल. कचरा समजून ती काढू नका. अण्णांनी फोटोखाली लिहिलेली ओळ आणि गूगलमध्ये त्यांनी दुरुस्त केलेली तारीख तिच्यात असते. जुने कागदी फोटो स्कॅन करून चढवलेले असतील तर खरी तारीख फक्त तिथेच सापडते.

तपासा: दोन वेगळ्या डिस्कवर प्रत झाली का? सर्वांत जुन्या, मधल्या आणि शेवटच्या वर्षातले प्रत्येकी काही फोटो आणि व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून पाहा. फक्त फाइलची नावे दिसली म्हणजे फोटो आले असे नाही.

## टप्पा ५: मेल, आणि खाते उघडे नसेल तर गूगलचा अर्ज

अण्णांचा मेल वरच्याच पद्धतीने उतरतो. तो `.mbox` प्रकारच्या फाइलमध्ये येतो. दोनदा क्लिक करून ती उघडत नाही. थंडरबर्डसारख्या फुकट मेल प्रोग्रॅममध्ये घ्यावी लागते. उतरल्यावर आधी ‘policy’, ‘folio’, ‘wallet’, ‘statement’ असे शब्द शोधा. कुठे कुठे पैसे आहेत त्याची यादी तिथेच तयार होते आणि पुढच्या टप्प्याला तीच लागते.

आता समजा लॅपटॉपही नाही. मग आधी हे पाहा की अण्णांनी ‘Inactive Account Manager’ लावून ठेवले होते का. त्यात माणूस जिवंतपणी ठरवतो की ३, ६, १२ किंवा १८ महिने खाते वापरले गेले नाही तर कोणाला कळवायचे. जास्तीत जास्त दहा जणांची नावे देता येतात. नाव असलेल्याला गूगलकडून मेल येतो आणि ठरलेला मजकूर उतरवायला तीन महिने मिळतात. म्हणून घरातल्या सर्वांनी आपापले मेल आणि स्पॅम फोल्डर निदान दीड वर्ष पाहत राहावे. इतक्या महिन्यांनी आलेला तो मेल फसवणूक समजून उडवला जाण्याची शक्यता खूप असते. दुवा दाबण्याआधी पाठवणाऱ्याचा पत्ता नीट तपासा.

तेही नसेल तर गूगलचा मृत व्यक्तीच्या खात्यासाठीचा अर्ज उरतो:

```
support.google.com/accounts/troubleshooter/6357590
```

त्यात तीन पर्याय दिसतात: खाते बंद करणे, खात्यातले पैसे मागणे आणि खात्यातला मजकूर मागणे. इथली चूक महागात पडते. ‘Close’ निवडून खाते बंद झाले तर फोटोही जातात. तुम्हाला हवा तो ‘Obtain data from a deceased user’s account’. अर्जात अण्णांचे पूर्ण नाव, ई-मेल पत्ता, तुमचे नाव-पत्ता, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि मृत्यू दाखला जोडायचा असतो. प्रतिज्ञापत्रही सोबत द्या.

या अर्जाकडून काय अपेक्षा ठेवायची ते स्पष्ट सांगतो. गूगल कोणत्याही परिस्थितीत पासवर्ड देत नाही. मजकूर देणे हा त्यांचा निर्णय असतो, आणि प्राथमिक छाननीनंतर अमेरिकेतल्या न्यायालयाचा आदेश मागितला जाऊ शकतो. सांगलीच्या घराला तो परवडण्यासारखा नाही. म्हणूनच उघडा लॅपटॉप जपा, असे वर इतक्या आग्रहाने म्हटले. मेल फक्त विमा किंवा म्युच्युअल फंडाची माहिती काढण्यासाठी हवा असेल तर त्यामागे लागू नका. तीच माहिती मृत्यू दाखला आणि पॅन दाखवून त्या-त्या संस्थेकडून वारस म्हणून थेट मागता येते.

वेळेची मर्यादाही लक्षात ठेवा. दोन वर्षे कोणीच न वापरलेले व्यक्तिगत गूगल खाते गूगल हटवू शकते. त्याआधीच एक अडचण येते. बँकेने खाते गोठवले की १०० जीबीची वर्गणी थांबते. फुकटची जागा १५ जीबी आणि वापर ६२ जीबी, त्यामुळे नवे मेल येणे बंद होते. ज्या मेलवर तुम्ही वॉलेट कंपनीच्या उत्तराची वाट पाहता, तोच भरलेला असतो. त्यामुळे प्रत्येक अर्जात संपर्कासाठी वारसाचा स्वतःचा ई-मेल द्या.

## टप्पा ६: आयफोन असेल तर

ॲपलने २०२१ च्या अखेरीस वारसा संपर्काची सोय आणली. जिवंतपणी नेमलेल्या माणसाकडे एक प्रवेश-कळ असते. ती कळ आणि मृत्यू दाखला `digital-legacy.apple.com` वर दिला की आयक्लाउडमधले फोटो, मेल, नोंदी, बॅकअप मिळतात. मंजुरीपासून तीन वर्षांनी खाते कायमचे पुसले जाते. साठवलेले पासवर्ड आणि पैसे भरण्याची माहिती यात कधीच मिळत नाही.

प्रवेश-कळ नसेल तर ॲपल न्यायालयाचा आदेश मागते. हा आदेश नुसता वारसा प्रमाणपत्राचा असून चालत नाही. त्यात मृताचे नाव आणि ॲपल आयडी, मागणाऱ्याचे नाव, त्या आयडीशी जोडलेली खाती मृताचीच होती हे, मागणारा कायदेशीर वारस आहे आणि त्याची संमती ही कायदेशीर संमती मानावी हे, आणि ॲपलने मदत करावी असा निर्देश, एवढे मुद्दे हवेत. वारसा प्रमाणपत्राचा अर्ज करणारच असाल तर वकिलांना हे आधी दाखवा. अर्जातल्या मागण्यांच्या भागात ते सुरुवातीलाच घालता येते. नंतर पुन्हा अर्ज करण्यात महिने जातात.

फोनचा पासकोड माहीत नसेल तर तो ॲपललाही उघडता येत नाही. ते फोन पुसून वापरायला मोकळा करून देऊ शकतात, एवढेच.

## टप्पा ७: वॉलेट

इथे आधी एक गुंता सोडवा. लोक फोनमधल्या प्रत्येक पैशाच्या ॲपला वॉलेट म्हणतात, पण त्यात वेगवेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकाचे दार वेगळे.

साध्या यूपीआयमध्ये पैसे नसतातच. ते बँकेत असतात. त्यामुळे ॲपकडे काही मागू नका, बँकेच्या दाव्यात ते आपोआप येतात. यूपीआय लाइटमध्ये थोडी रक्कम बाजूला ठेवलेली असते, जास्तीत जास्त ₹५,०००. तीही बँकेकडून मागायची. अण्णांचे ते ₹१,२०० बँकेच्या अर्जात वेगळी ओळ करून लिहा, नाहीतर पासबुकातल्या शिलकेत ती रक्कम दिसत नाही आणि राहून जाते.

खरे वॉलेट म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या भाषेत प्रीपेड साधन. पूर्ण केवायसी असलेल्यात ₹२ लाखांपर्यंत रक्कम असू शकते, किमान माहितीवर उघडलेल्यात ₹१०,००० पर्यंत. ही रक्कम मृताच्या मालमत्तेचाच भाग आहे. कॅशबॅक किंवा भेटकार्डाची शिल्लक मात्र अनेकदा फक्त खरेदीपुरती असते. ती रोख मिळेल असे गृहीत धरू नका.

वॉलेट कोणते, हे बँकेच्या मागील दोन वर्षांच्या उताऱ्यात वॉलेटमध्ये पैसे टाकल्याच्या नोंदींवरून कळते. मग ॲपच्या अटींमध्ये वॉलेट कोणी जारी केले ते पाहा. ॲपचे नाव एक आणि जारी करणारी संस्था दुसरी असू शकते. पेटीएमचे वॉलेट, उदाहरणार्थ, पेटीएम पेमेंट्स बँकेने दिलेले होते. १५ मार्च २०२४ नंतर त्यात नवे पैसे घालण्यास मनाई झाली, पण आधीच्या शिलकेवरचा ग्राहकाचा हक्क गेला नाही. अर्ज नेहमी जारी करणाऱ्या संस्थेच्या नावाने करा.

अर्ज ॲपमधल्या चॅटवर करू नका. तिथे ‘नोंदलेल्या नंबरवरून संपर्क करा’ असे साचेबंद उत्तर येत राहते. प्रत्येक जारीकर्त्याला तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमून त्याचा पत्ता जाहीर करावा लागतो. त्याला वारसाच्या ई-मेलवरून लिहा. पत्र इंग्रजीत लिहा, त्याचा मजकूर साधारण असा:

> माझे पती (पूर्ण नाव) यांचे (तारीख) रोजी निधन झाले. (मोबाइल नंबर) या नंबरवर त्यांचे आपल्याकडे वॉलेट आहे. कृपया आजची शिल्लक लेखी कळवावी, वॉलेटमधून पैसे जाणे थांबवावे आणि शिल्लक सोबत दिलेल्या खात्यावर पाठवून वॉलेट बंद करावे. मृत्यू दाखला, वारसांची यादी, इतर वारसांचे ना-हरकत पत्र व बाँड जोडले आहेत. तक्रार क्रमांक कळवावा.

यातला शेवटचा वाक्यांश विसरू नका. कंपनीला तक्रार मिळाल्याच्या दिवसापासून तुमचे दिवस मोजले जातात आणि त्याचा पुरावा हा क्रमांक असतो.

सावधान: पिन माहीत आहे म्हणून अण्णांच्या फोनवरून पैसे स्वतःकडे वळवू नका. रक्कम लहान असली तरी दुसऱ्या वारसाने आक्षेप घेतला तर मृताच्या पासवर्डचा अप्रामाणिक वापर केल्याचा आरोप होऊ शकतो, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दहाव्याच्या खर्चासाठी काढले हे खरे असले तरी ते सिद्ध करत बसावे लागते.

पैसे कुठे येणार, हा इथला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वॉलेट बंद करताना शिल्लक अनेकदा आधीच नोंदलेल्या, म्हणजे अण्णांच्याच बँक खात्यावर पाठवली जाते. ते खाते तुम्ही आधीच बंद केले असेल तर रक्कम परत फिरते. म्हणून वॉलेटचा निकाल लागेपर्यंत बँक खाते बंद करू नका. बँकेला मृत्यूची सूचना दिली असेल तर तिथे एक लेखी सूचना आणखी द्या: यानंतर येणारी रक्कम ‘मृत अमुक यांची मालमत्ता’ अशा नावाच्या खात्यात जमा करावी. बँकांमध्ये ही सोय आहे, पण वारसांनी मागितल्याशिवाय ती क्वचितच सांगितली जाते.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा दावा नाकारला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. त्यासाठी फी नाही आणि वकील लागत नाही. जारीकर्त्याला लिहिलेला मेल आणि तक्रार क्रमांक मात्र हवाच. थेट लोकपालाकडे गेल्यास तक्रार फेटाळली जाते.

क्रिप्टोचे दोन भाग करा. एखाद्या एक्सचेंजवर खाते असेल तर तिथे केवायसी असते आणि वारस म्हणून दावा करता येतो. स्वतःच्या वॉलेटमध्ये असेल तर ते वॉलेट उघडणारी १२ किंवा २४ शब्दांची यादी सापडली तरच ते मिळेल. कोणतीही कंपनी, पोलीस किंवा न्यायालय ती यादी बनवून देऊ शकत नाही. ‘रिकव्हरी करून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणारे फसवणारे असतात. शब्दांची यादी सापडली तर तिचा फोटोही काढू नका.

## टप्पा ८: बँक, मग खाते, शेवटी सिम

वॉलेटची रक्कम आली, यूपीआय लाइटची ओळ दाव्यात लिहिली, मग बँकेचा दावा पूर्ण करा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे सर्व कागद मिळाल्यावर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे, आणि हे निर्देश बँकांनी ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणायचे होते. कागद दिल्याची शिक्का मारलेली पोच घ्या, कारण १५ दिवस त्या तारखेपासून धरले जातात. नॉमिनी असेल तर बँक पैसे त्याच्या हाती देईल, पण तो इतर वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. वाटणी वारसाहक्कानेच होते.

त्यानंतर गूगल खाते. फोटोंच्या दोन प्रती तपासल्या, मेल उघडून पाहिला आणि खात्यात पैसे येण्याचे काही उरले नाही, हे तिन्ही वारसांनी एकमेकांना लेखी कळवले की मगच त्याच अर्जातून खाते बंद करण्याची विनंती करा. घाई नसेल तर एक वर्ष तसेच राहू द्या. आयकराचा शेवटचा परतावा किंवा विम्याचे पत्र उशिरा येत असते.

सिम सगळ्यांच्या शेवटी. सोडण्याआधी त्या नंबरला आधार, बँक, गॅस, वीजबिल आणि कुटुंबातल्या इतरांची खाती जोडलेली आहेत का ते पाहा. अनेक घरांत आईच्या पेन्शनच्या खात्यालाही वडिलांचाच नंबर दिलेला असतो. आधी तिथे आईचा नंबर नोंदवा, त्या नंबरवर एक ओटीपी आलेला पाहा, आणि मगच जुने सिम परत करा.